ग्रंथालयातल्या पैशांच्या व्याख्यानांचं हस्तपत्रक : सगळ्यात वरची ओळ काय घालावी?

पानवेल

नमस्कार मंडळी. म्हापशाकडच्या आमच्या ग्रंथालयात पुढच्या महिन्यात लागोपाठ तीन शनिवार पैशांच्या व्यवहारांवर व्याख्यानं ठेवली आहेत. पहिलं बँकेतल्या ठेवी आणि त्यांच्यावरचा विमा, दुसरं नॉमिनी आणि वारस, तिसरं कर्जाचं व्याज. संध्याकाळी साडेचार, प्रवेश मोफत. बोलणारे तिघेही इथलेच आहेत आणि मानधन घेणार नाहीत.

दोन हजार हस्तपत्रकं छापायची आहेत. ए फोरच्या अर्ध्या आकाराची, एकाच शाईत. निम्मी पेपरवाल्यांकडून वर्तमानपत्रात घालून जातील, निम्मी शुक्रवारच्या बाजारात हातोहात वाटायची. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तारीख, वेळ, जागा हा खालचा भाग लिहून झाला. अडलंय ते वरच्या ओळीवर. समितीत आतापर्यंत या ओळी सुचल्या:

1. आर्थिक साक्षरता : काळाची गरज
2. तुमचा पैसा, तुमचे भविष्य
3. तुमची बँक बुडाली तर?
4. 5 लाखांच्या वर ठेव आहे? मग हे ऐकाच

अध्यक्ष पहिलीवर ठाम आहेत. मला तिसरी आवडते, कारण ती ऐकून मी स्वतः दचकले. गेल्या वर्षी अशाच एका व्याख्यानाच्या पत्रकावर 'आर्थिक नियोजन : एक चिंतन' असं घातलं होतं. अकरा माणसं आली, त्यातली चार समितीची. वक्ते बिचारे डिचोलीहून बस बदलून आले होते. यंदा तसं व्हायला नको. कोणती ओळ घ्यावी, की वेगळी सुचवाल?

घाटाखाली

तिसरी. डोळे झाकून.

खिळे_आणि_शाई

पानवेलताई, तीस वर्षं छापखान्यात काढली. हँडबिलं किती छापली त्याला गणती नाही, आणि त्यातली किती दुपारपर्यंत गटारात पडलेली पाहिली त्यालाही नाही. म्हणून सांगतो.

एक साधी परीक्षा करा. खालचा सगळा मजकूर हाताने झाका आणि फक्त वरची ओळ वाचा. ती दुसऱ्या कुठल्या पत्रकावर चालली असती का? 'तुमचा पैसा, तुमचे भविष्य' ही ओळ विमा एजंटच्या पत्रकावर चालेल, सोनाराच्या चालेल, प्लॉट विकणाऱ्याच्याही चालेल. बाजारात ती वाचणाऱ्याला वाटणार की कोणीतरी काहीतरी विकतंय. पहिली ओळ तर शाळेतल्या निबंधाचं नाव वाटते. या दोन्ही गेल्या असं समजा.

दुसरं, बाजारात पत्रक हातात घेणारा माणूस चालत असतो. एका हातात मासळीची पिशवी, दुसऱ्या हातात तुमचा कागद. तो थांबून वाचत नाही. चार पावलांत जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. म्हणून ओळ सहा-सात शब्दांची हवी आणि ती दोन ओळींत मोडायची झाली तर अर्थ जिथे थांबतो तिथेच मोडायची. 'तुमची बँक' वर आणि 'बुडाली तर' खाली गेलं तर चालतं. 'तुमची' एकटं वर राहिलं तर वाचणारा अडखळतो. हे डीटीपीवाल्याच्या भरवशावर सोडू नका, कागदावर मोडून दाखवा.

आणि एक छापखान्याचं. स्वस्त कागद शाई शोषून घेतो. जाड टायपात 'र्थि', 'क्ष', 'ष्ट' यांची पोटं शाईने भरतात आणि लांबून नुसता काळा ठिपका दिसतो. वरच्या ओळीत जोडाक्षरं जितकी कमी तितकं बरं. दोन ओळींमध्ये जागा थोडी सैल ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आपटतात.

सातेरीचा_चौक

आकडा घाला, आकडा. माणूस आकड्यापाशी थांबतो. चौथी ओळ चांगली आहे, फक्त ती अशी करा : 'प्रत्येक ठेवीवर 5 लाखांचा सरकारी विमा, माहीत आहे का?' भीतीही नाही आणि माहितीही मिळते. मी स्वतः तसंच केलंय. एकाच बँकेच्या म्हापसा आणि पर्वरी शाखांत चार-चार लाखांच्या दोन ठेवी. दोन्ही पूर्ण विम्यात.

काउंटर_नंबर_तीन

सातेरीचा चौक, तुमचा आकडा बरोबर आहे, पण तो कशाला लागू होतो तिथे गफलत आहे. तुमच्या स्वतःच्या ठेवींबद्दलचं आहे म्हणून स्पष्ट लिहितो. मी बँकेत छत्तीस वर्षं होतो.

5 लाखांची मर्यादा ठेवीमागे नाही आणि शाखेमागेही नाही. एका माणसाचं एका बँकेत जे काही आहे, म्हणजे बचत खातं, चालू खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव, आणि कोणत्याही शाखेत असो, ते सगळं मिळून 5 लाख. तुमच्या आठ लाखांतले 5 लाख विम्यात आहेत, तीन नाहीत. एक ठेव दुसऱ्या बँकेत असती तर दोन्ही पूर्ण झाकल्या गेल्या असत्या. पत्नीबरोबर संयुक्त खातं असेल तर ते वेगळं धरतात, कारण तिथे हक्क वेगळा. 1993 पासून ही मर्यादा 1 लाख होती, फेब्रुवारी 2020 मध्ये 5 लाख झाली. तेव्हा 'सरकारी योजना आली, आता प्रत्येक एफडी सुरक्षित' असा समज पसरला, तो अजून गेलेला नाही. तुमची एकट्याची चूक नाही ही. काउंटरवर मी रोज ऐकायचो.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. या 5 लाखांत व्याजही धरलेलं असतं. एक उदाहरण घ्या. कुणी 4 लाख 60 हजारांची ठेव ठेवली, 7 टक्के दराने, व्याज ठेवीतच जमा होणारं. ठेवली त्या दिवशी ती पूर्ण विम्यात. एक वर्षाने तिचे साधारण 4 लाख 93 हजार होतात, अजून आत. पंधरा महिने झाले की 5 लाख 1 हजारांच्या पुढे. माणसाने काहीच केलेलं नाही आणि ठेव मर्यादेबाहेर गेली. वरचे हजार-दीड हजार ही मोठी रक्कम नव्हे, पण पाच वर्षांच्या ठेवीत हाच फरक दीड लाखाच्या वर जातो.

म्हणून 'प्रत्येक ठेवीवर 5 लाख' असं छापलंत, तर व्याख्यानाला न येणारे शेकडो लोक तेच खरं धरून बसतील. दोन हजार जण पत्रक वाचणार, त्यातले चाळीस येणार. उरलेल्यांसाठी ती ओळ म्हणजेच अख्खं व्याख्यान. ओळ चुकली तर त्यांना दुरुस्त करायला समोर कोणी नाही.

सातेरीचा_चौक

बापरे. सोमवारी बँकेत जातो. दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. ओळ मागे घेतली.

कुळागर_सांजवेळ

काउंटरकाकांचं शेवटचं वाक्य पकडूनच तिसऱ्या ओळीबद्दल बोलते. 'तुमची बँक बुडाली तर?' कृपा करून छापू नका.

आमच्या गावात एका नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आईचे पैसे तिथे होते. आधी काही महिने नुसत्या कुजबुजी होत्या. कोणीतरी चहाच्या टपरीवर काहीतरी बोललं की दुसऱ्या दिवशी बँकेच्या दारात रांग. आई दोनदा रांगेत उभी राहून परत आली. दुसऱ्यांदा तिला भोवळ आली, शेजारच्या दुकानदाराने स्टुलावर बसवलं. आता विचार करा, पेपरमध्ये घातलेला कागद ज्या घरात पडेल, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे पैसे कोपऱ्यावरच्या चांगल्या चालणाऱ्या छोट्या बँकेत आहेत. त्याने 'तुमची बँक' एवढं वाचलं की तो कोणती बँक समजेल? त्याच्या गावातली तीच एक. व्याख्यान शनिवारी आहे. तो सोमवारीच पैसे काढायला जाईल, आणि मुदत मोडली म्हणून व्याज कापून घेईल.

घाटाखाली

कुळागरताई, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण भीती वाटली नाही तर माणूस शनिवारी दुपारची झोप सोडून येणार कशाला? विमा किती आहे हे कळायला लोकांनी आधी थोडं घाबरायलाच हवं. ज्यांचे पैसे अडकले त्यांना आधी कोणी घाबरवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

काउंटर_नंबर_तीन

घाटाखाली, घाबरलेला माणूस ऐकायला येत नाही, तो पैसे काढायला जातो, आणि काढून ठेवतो कुठे? बऱ्याचदा जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागूच नाही. विमा बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या, पण पतसंस्था नाहीत. म्हणजे आगीतून फुफाट्यात. हे मी डोळ्यांदेखत पाहिलंय.

घाटाखाली

पतसंस्थेचं माहीत नव्हतं. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. थोडी टोचणी हवीच.

तरवटीची_लेक

इथे विचारणं बरोबर आहे की नाही माहीत नाही, पण ग्रंथालयात हे पैसे मिळवून देतात का? माझे बाबा जहाजावर होते. गेले त्याला नऊ वर्षं झाली. चवथीच्या साफसफाईत त्यांच्या ट्रंकेत एक पासबुक सापडलं, शेवटची नोंद 2008 ची, एकवीस हजार आणि काहीतरी. त्या शाखेचं नावही आता वेगळं आहे. शनिवारी पासबुक घेऊन आले तर काम होईल का? कोणत्या तारखेला यायचं?

काउंटर_नंबर_तीन

बाळ, ग्रंथालय पैसे काढून देणार नाही, तिथे फक्त व्याख्यान आहे. पण तुझे पैसे बुडालेले नाहीत. दहा वर्षं खात्यावर व्यवहार झाला नाही की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या एका निधीत वर्ग करते. हक्क संपत नाही. अर्ज त्याच बँकेत करायचा. ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर त्या नव्या बँकेत. पासबुक, बाबांचा मृत्यू दाखला, तुझी ओळखपत्रं आणि नॉमिनी होता की नाही ही माहिती घेऊन जा. नॉमिनी नसेल तर वारसांची कागदपत्रं मागतील.

त्यांची आणखी कुठे खाती होती का हे शोधायचं असेल तर रिझर्व्ह बँकेची `udgam.rbi.org.in` ही साइट आहे, 2023 साली सुरू झाली. आपला मोबाइल नंबर नोंदवून बाबांचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख यांसारखं एखादं तपशील घालायचं. फक्त शोध लागतो, पैसे तिथून मिळत नाहीत. आणि सगळ्या बँका त्यावर नाहीत, त्यामुळे नाव दिसलं नाही म्हणजे खातं नाही असं धरू नकोस. कोणी 'मी काढून देतो, आधी इतके भरा' म्हणालं तर एक पैसाही देऊ नकोस.

तरवटीची_लेक

देव बरें करूं, काका. आईला वाचून दाखवलं. विलीन झालेली बँक कोणती ते मामाला माहीत आहे, उद्या जातोय.

दोन_माड

पानवेल, तुझी ओळ तुझ्या धाग्यातच सापडली की! ट्रंक, पासबुक, शेवटची नोंद. प्रत्येक घरात असं एक पासबुक असतं. वर छाप : 'घरातलं जुनं पासबुक घेऊन या.' प्रश्न नाही, भीती नाही, जोडाक्षर एकही नाही. वाचणाऱ्याला ट्रंक डोळ्यांसमोर दिसते.

खिळे_आणि_शाई

झकास. वस्तूचं नाव घातलं की हात तिकडे जातो. पण दोनमाड, एक अडचण आहे. तिन्ही व्याख्यानांत जुन्या खात्यांचं व्याख्यान कुठे आहे? वरची ओळ जे कबूल करते ते आत मिळालं नाही तर माणूस दुसऱ्या शनिवारी येत नाही. छापखान्यात आम्ही याला 'भांड्याच्या दुकानात साडीचा फलक' म्हणायचो.

पानवेल

पहिल्या व्याख्यानाच्या वक्त्यांना फोन केला. ते म्हणाले, ठेवींबद्दल बोलताना पडून राहिलेल्या खात्यांवर वीस मिनिटं देता येतील. म्हणजे कबूल केलेलं मिळेल. पण मला दुसरीच काळजी वाटते. चाळीस माणसं पासबुकं उघडी घेऊन बसली, एकमेकांचे आकडे दिसले, कोणी फोटो काढला तर? ग्रंथालयाच्या नावावर बट्टा लागेल.

काउंटर_नंबर_तीन

खरी काळजी आहे. पासबुक 'आणा' म्हणू नका, 'शोधा' म्हणा. 'घरातलं जुनं पासबुक शोधून ठेवा.' काम घरी होतं, कागद घरीच राहतो. आणि पत्रकाच्या तळाशी ठळक एक वाक्य : 'इथे काहीही विकलं जाणार नाही. कोणाचाही खाते क्रमांक किंवा ओटीपी विचारला जाणार नाही.' शिवाय ग्रंथालयाचा लँडलाइन नंबर. हल्ली पैशांविषयी मोफत काहीही म्हटलं की शहाण्या माणसाला आधी शंका येते, आणि ती यायलाच हवी.

वकिलीण_फोंडा

दुसऱ्या व्याख्यानाबद्दल कोणीच बोलत नाही. त्याची ओळ काय ठरली? तीन व्याख्यानांना एकच ओळ लावणार असाल तर नॉमिनीचा विषय मागे पडेल, आणि गोव्यात खरी भांडणं तिथेच होतात.

सातेरीचा_चौक

मी पुन्हा एकदा हिंमत करतो. 'नॉमिनी मालक नसतो.' तीन शब्द. हे तरी बरोबर आहे ना?

वकिलीण_फोंडा

दादा, या वेळी तुम्ही बरेच जवळ आहात. बँकेच्या ठेवीपुरतं बरोबर. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, पण पैसे कोणाचे हे वारसा हक्काने ठरतं. माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते, ओळख पुसून. वडिलांनी ठेवीला थोरल्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावलं, कारण तोच बँकेत ये-जा करायचा. वडील गेल्यावर त्याने पैसे आपल्या खात्यात घेतले आणि मनापासून समजला की बाबांनी आपल्याला दिले. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे त्यातला अर्धा हिस्सा आईचाच होता, तो वारशात येतच नाही. उरलेल्या अर्ध्यात सगळी मुलं, लग्न झालेली मुलगीसुद्धा. मुलगा वाईट नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण तोवर त्याने त्यातून गाडी घेतली होती आणि बहीण बोलायची थांबली होती.

आता तुमच्या तीन शब्दांची अडचण. आयुर्विम्यात 2015 पासून नियम वेगळा आहे. तिथे पती-पत्नी, आईवडील किंवा मुलं यांना नॉमिनी केलं तर विम्याची रक्कम त्यांच्याच हक्काची होते. म्हणजे तुमची ओळ ठेवीला खरी आणि विम्याला खोटी. पत्रक वाचून एखादी विधवा विम्याचे पैसे दिरांबरोबर वाटायला बसेल. मी असं लिहीन : 'बँकेत नॉमिनी कोण? आणि वारस कोण?' दोन वेगळे प्रश्न आहेत हे वाचताच कळतं, खोटं काही नाही. नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात. त्यामुळे तर 'चौघांची नावं घातली, वाटणी झाली' असा नवा समज तयार होतोय. त्यावर वक्त्यांना नक्की बोलायला सांगा.

खिळे_आणि_शाई

वकीलबाईंची ओळ दोन प्रश्नांची आहे, दोन ओळींत आपोआप मोडते. वर 'बँकेत नॉमिनी कोण?' खाली 'आणि वारस कोण?' दोन्ही शेवटी 'कोण', एकाखाली एक येतात. बघायलाही सुरेख.

आंब्याची_साल

सगळं मराठीत चाललंय म्हणून विचारते. म्हापशाच्या बाजारात येणाऱ्यांत किती जण मराठी वाचतात? भाजीवाल्या बायका कोंकणी बोलतात, आमच्या शेजारच्या फर्नांडिस आंटी रोमीत वाचतात. वरची ओळ कोंकणीत का नको? 'पोरनें पासबूक सोदून दवरात.' ऐकायला जवळची वाटते.

कुळागर_सांजवेळ

बोलायला जवळची, पण वाचायला? आमच्याकडे आजी घरी कोंकणी बोलते आणि पेपर मराठीच वाचते. बँकेचे फॉर्म तिसऱ्याच भाषेत. मराठी पेपरमध्ये घालायच्या पत्रकात मराठीच हवी.

आंब्याची_साल

पेपरमधल्या हजाराला ठीक. बाजारातल्या हजारांचं काय? आणि व्याख्यान कोणत्या भाषेत होणार ते पत्रकावर लिहिलंय का? फर्नांडिस आंटी आल्या आणि त्यांना काही समजलं नाही तर?

पानवेल

व्याख्यानं मराठी-कोंकणी मिसळून होतील, प्रश्न कोणत्याही भाषेत विचारता येतील. हे पत्रकावर नव्हतं, आता घालते. रोमीत वेगळी छापायला पैसे नाहीत. पाठची बाजू कोरी आहे, तिथे रोमी कोंकणी घ्यायचं समितीत सुचवते. होईल की नाही सांगता येत नाही, पाठपोट छपाईचा खर्च वेगळा पडतो.

खिळे_आणि_शाई

तिसऱ्या व्याख्यानाची ओळ ठरवलीत का? नसेल तर काउंटरकाकांना विचारा. कर्जाच्या व्याजाचा आकडा त्यांच्या जिभेवर असणार.

काउंटर_नंबर_तीन

आहेच. '12 टक्के म्हणाले. 21 टक्के भरले.'

हिशोब असा. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षांसाठी, 12 टक्के फ्लॅट. म्हणजे दरवर्षी पूर्ण लाखावर 12 हजार, तीन वर्षांचे 36 हजार, एकूण 1 लाख 36 हजार. छत्तीस हप्त्यांत वाटले की महिना साधारण 3,778 रुपये. पण पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल कमी होत जाते, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं. बँक घटत्या शिलकीवर व्याज लावते त्या पद्धतीने हाच हप्ता मोजला तर दर निघतो 21 टक्क्यांच्या थोडा वर. फ्रिज, स्कूटर, मोबाइल घेताना हे रोज घडतं. ओळ खरी आहे, हिशोब पंधरा मिनिटांत फळ्यावर मांडून दाखवता येतो. फक्त खाली बारीक अक्षरात 'एक लाख, तीन वर्षे, फ्लॅट दर' असं घाला, म्हणजे सगळ्याच कर्जांना हे लागू आहे असं कोणी समजणार नाही.

घाटाखाली

हीच ती टोचणी मी म्हणत होतो! कोणाच्या बँकेचं नाव नाही, कोणी घाबरून पळणार नाही, पण हप्ता भरणारा प्रत्येक जण थांबणार.

पानवेल

काल एक प्रयोग केला. खिळेकाकांची झाकण्याची परीक्षा मी उलटी केली. तीन ओळी तीन कागदांवर मोठ्या अक्षरांत लिहिल्या. ग्रंथालयात पेपर वाचायला येणाऱ्यांना एक-एक कागद दाखवून लगेच काढून घेतला आणि विचारलं, "काय लिहिलं होतं? कशाबद्दल असेल?" नऊ जणांना विचारलं.

पासबुकाची ओळ सगळ्यांनी शब्दश: परत सांगितली. दोघांनी 'आमच्याकडे आहे' म्हणून गोष्टच सुरू केली. नॉमिनीच्या ओळीला पाच जण म्हणाले, 'नॉमिनी आणि वारस वेगळे असतात की काय?' म्हणजे ओळीने काम केलं. 12 आणि 21 च्या ओळीला तिघांना वाटलं की ठेवीवर 21 टक्के मिळतात! एक गृहस्थ विचारू लागले, कुठे ठेवायचे. मी घाबरलेच. 'भरले' हा शब्द त्यांनी 'ठेव भरली' असा घेतला.

काउंटर_नंबर_तीन

पानवेल, हे तू विचारलंस म्हणून कळलं, नाहीतर मी ते तसंच छापायला लावलं असतं आणि आपणच लोकांना जास्त व्याजाच्या मागे लावलं असतं. 'कर्ज' हा शब्द ओळीतच हवा. 'कर्ज 12 टक्क्यांचं. फेडलं 21 टक्क्यांनी.' आता दुसरा अर्थ निघत नाही.

खिळे_आणि_शाई

'क्क्यां' दोनदा येतं, शाईने भरणार. टक्क्यांचं चिन्ह वापरा. 'कर्ज 12%चं. फेडलं 21%नं.' आकडे मोठे, बाकी जरा लहान.

दोन_माड

कोणत्या ओळीने किती जण आले हे कसं कळणार? तिन्ही वेगळी पत्रकं छापणार ना?

खिळे_आणि_शाई

एकाच वेळी छापून घ्या, फक्त वरची ओळ वेगळी. तळाशी 'येताना हे पत्रक आणा' लिहा आणि दारात एक पेटी ठेवा. ओळ वेगळी असल्याने मोजायला खूण वेगळी नको. फक्त बाजारात वाटलेल्यांचा एक कोपरा कापा. पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याला कटर लावला की दहा मिनिटांचं काम. मग पेपरमधून आलेले किती आणि बाजारातून किती हेही कळेल.

पानवेल

पहिला शनिवार झाला. माणसं त्रेपन्न. खुर्च्या कमी पडल्या, वाचनकक्षातले बाक आणले. पेटीत पत्रकं एकतीस. त्यातली पासबुकाची एकोणीस, नॉमिनीची आठ, कर्जाची चार. कोपरा कापलेली फक्त सहा. बाजारात वाटलेल्यांपैकी इतकी कमी परत आली, त्यामुळे आंब्याची साल यांचा भाषेचा मुद्दा मला टोचतोय. पण शुक्रवारी दुपारी पाऊस होता, कागद भिजले, त्यामुळे ठाम काही म्हणता येत नाही. रोमीची पाठची बाजू समितीने पुढच्या खेपेवर टाकली.

वक्त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की इथे कोणाचंही पासबुक उघडायचं नाही. तरी पहिल्या रांगेतल्या एक आजी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. शेवटी सगळे उठल्यावर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक काढलं, पहिलं पान मला दाखवलं आणि विचारलं, "हें चलतलें मगो?"

सातेरीचा_चौक

पानवेलताई, माझी एक ठेव दुसऱ्या बँकेत हलवली. तिथल्या फॉर्मवर नॉमिनी लिहिताना हात थांबला, म्हणून पुढच्या शनिवारी बायकोला घेऊन येतोय. नॉमिनीची पत्रकं शिल्लक असतील तर वीस-पंचवीस ठेवा, आमच्या सोसायटीत प्रत्येक दारात घालतो.